बेन्झोच्या ओव्हरडोसमध्ये फ्लुमाझेनिल हातात असूनही का थांबावं लागतं

प्रश्न: मॅडम, मी इंदूरलाच सेकंड इयरला आहे. बेन्झोडायझेपिनचा अँटिडोट फ्लुमाझेनिल हे पाठ आहे, पण टेस्टमध्ये ओव्हरडोसच्या पेशंटला आधी काय करणार यात तेच लिहिलं आणि चुकलं. मग ते द्यायचं तरी केव्हा? विथड्रॉवलमध्ये परत बेन्झोच का देतात? आणि फ्रिक्वेन्सी की ड्युरेशन याचा दर वेळी घोळ होतो.

उत्तर:

बेटा, शेवटच्या घोळापासून सुरुवात करू कारण बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

गाबा-ए रिसेप्टर म्हणजे पाच तुकडे गोलात उभे केलेले आणि मधे क्लोराइडला आत जायला वाट. मेंदूत सगळ्यात जास्त सापडतो तो दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा असा. गाबा स्वतः बसतो अल्फा-बीटाच्या सांध्यात, अशा दोन जागा आहेत. बेन्झो तिथे बसतच नाही, त्याची जागा अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात. परीक्षेत "बेन्झो गाबाच्या जागेवर बसतं" असा ऑप्शन हमखास टाकतात आणि अर्धा वर्ग तिथे टिक करून येतो, मी दर वर्षी पेपर तपासते म्हणून सांगतेय. बाजूच्या जागेवर बसून गाबाचं काम सोपं करून देणं एवढंच बेन्झोचं काम, गाबा नसेल तर ते एकटं चॅनेल उघडू शकत नाही.

आता नळाचं उदाहरण घे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हा घरातलं कोणीतरी सारखं उठून नळ सोडतं, बंद करतं. पाणी म्हणजे क्लोराइड, नळ सोडणारा हात म्हणजे गाबा. बेन्झो त्या हाताला घाई लावतं, हात जास्त वेळा नळ सोडतो पण प्रत्येक वेळी पाणी पडतं तेवढाच वेळ. ही झाली फ्रिक्वेन्सी. बार्बिच्युरेट काय करतं, एकदा सोडलेला नळ जास्त वेळ चालू ठेवतं. ही ड्युरेशन. आणि बार्बिच्युरेटचा डोस खूप वाढला तर हाताची पण गरज नाही, ते स्वतःच नळ उघडून बसतं. हा शेवटचा मुद्दा तू विसरू नको कारण तुझ्या टेस्टमधल्या चुकीचं उत्तर इथेच आहे.

बघ, बेन्झोला गाबाचा हात लागतो आणि मेंदूतला गाबा मोजकाच आहे. म्हणून डोस कितीही चढवला तरी परिणाम एका पातळीच्या वर जात नाही. एकट्या बेन्झोच्या गोळ्या तोंडाने घेतलेला तरुण पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा तो गाढ झोपलेला असतो, बोलणं लडखडतं, चालवलं तर झोकांड्या खातो, पण नाडी ठीक, बीपी ठीक, श्वास थोडा मंद पण चालू. पुस्तकं याला नॉर्मल व्हायटल्सवाला कोमा म्हणतात. अशा माणसाला मारतं काय तर जीभ मागे पडून श्वासनळी बंद होणं किंवा उलटी फुफ्फुसात जाणं. आणि सोबत दारू किंवा ओपिऑइड असेल तर मात्र श्वास खरंच थांबतो, म्हातारा माणूस किंवा सीओपीडीचा पेशंट असेल तरी सांभाळून, शिरेतून भराभर दिलं तरी तेच.

मग तूच सांग आधी काय करणार. कुशीवर वळवणार, तोंड साफ करणार, ऑक्सिजन, गरज पडली तर ट्यूब, आणि बोट टोचून शुगर बघणार. एवढं नीट केलं तर एकट्या बेन्झोचा पेशंट झोप पुरी करून उठतो, त्याला अँटिडोट लागतच नाही. म्हणून "आधी काय" विचारलं की एअरवे, आणि "स्पेसिफिक अँटॅगोनिस्ट कोण" विचारलं की फ्लुमाझेनिल. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, एका उत्तरात दोन्ही बसवू नको.

आता विथड्रॉवल. इथे मी तुला पुस्तकातलं नाही तर एका आजींचं सांगते. रामबागेतल्या, वय ७१, मांडीचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशनला ॲडमिट. रोजच्या औषधांत सुनेनं बीपीची आणि थायरॉइडची गोळी सांगितली. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आजी बेचैन, हातांना कंप, घामाने गाऊन ओला, नाडी ११८. ट्यूबलाइट बंद करा म्हणाल्या, डोळ्यांत टोचते. ट्रॉलीचं चाक वाजलं तरी दचकत होत्या. रेसिडेंटला वाटलं दुखतंय, त्याने पेनकिलर वाढवलं. पहाटे आजींना फिट आली. मग सुनेला परत विचारलं, नीट बसवून, आजी झोपायला काही घेतात का, तर म्हणाली हो ती छोटी गोळी ना, ती तर सहा वर्षांपासून घेतात, ते काय औषध आहे का, झोपेचीच तर आहे. अल्प्राझोलाम, ०.५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा.

सहा वर्षं रोज कोणीतरी हाताला घाई लावत असेल तर मेंदू गप्प बसत नाही. रिसेप्टर बेन्झोला दाद देईनासा होतो, बेन्झोची जागा आणि गाबाची जागा यांच्यातला ताळमेळ सैल पडतो, आणि समोरच्या बाजूला ग्लुटामेटचा जोर वाढतो. गोळी चालू आहे तोवर दोन्ही पारडी सारखी. गोळी एकदम थांबली की ब्रेक कमजोर आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच. आजींना जे झालं ते सगळं यातूनच येतं, कंप, घाम, धडधड, झोप उडणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, आणि टोकाला फिट किंवा डिलिरियम.

उजेड-आवाजाचं मी मुद्दाम सांगितलं. गोळी बंद केल्यावर मूळचीच घाबरण्याची तक्रार परत आलीय की हे विथड्रॉवल आहे, असा प्रश्न येतो तेव्हा हीच खूण कामी येते. नुसत्या ॲन्झायटीत सहसा ट्यूबलाइट टोचत नाही, अंगावर काहीतरी सरसरतंय असं वाटत नाही, आणि फिट तर येतच नाही.

वेळेचं पण लक्षात घे. अल्प्राझोलामची हाफ-लाइफ साधारण ११-१२ तास, म्हणून त्रास एक-दोन दिवसांत चालू होतो आणि जोरात होतो. डायझेपामची स्वतःचीच २० ते ५० तास, वर त्याचा मेटाबोलाइट डेसमिथाइलडायझेपाम अजून लांब टिकतो, म्हणून तिथे त्रास चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, आणि सौम्य. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, घाम, फिट असा प्रश्न दिसला की दारू आणि बेन्झो दोन्ही डोक्यात आले पाहिजेत, आणि पेशंट आपली आजी आहे म्हणून बेन्झो विचारायचं राहून गेलं असं होऊ नये.

उपचार बेन्झोच का, तर ज्या जागेवरची टेकू काढली तीच टेकू परत लावायची आणि मग हळूहळू काढायची. आजींना तेव्हा शिरेतून लोराझेपाम दिलं, फिट थांबली, मग तोंडाने औषध बांधून दिलं. साधारणपणे लांब टिकणारं डायझेपामसारखं औषध घेतात कारण ते रक्तातून आपसूकच हळू उतरतं. लिव्हर खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्झेपाम, कारण त्यांचं फक्त ग्लुक्युरोनाइड होऊन ते जातात, आधीची ऑक्सिडेशनची पायरी नाही. मग डोस दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असा उतरवायचा, वर्षानुवर्षं घेणाऱ्याचे महिने लागतात. प्रोप्रानोलॉल दिलं तर नाडी आणि कंप छान दिसतात पण फिट अडत नाही, उलट खुणा झाकल्या जातात. हॅलोपेरिडॉल एकटं देऊन शांत करायला गेलात तर फिटची भीती अजून वाढते. आणि फेनिटॉइन या फिटला कामाचं नाही, हा ऑप्शन खूप मुलं मारतात.

आता फ्लुमाझेनिलकडे ये, आता ते आपोआप कळेल. फ्लुमाझेनिल त्याच अल्फा-गॅमाच्या सांध्यात बसतं, स्वतः काही करत नाही, फक्त बेन्झोला उठवून जागा धरून ठेवतं. काँपिटिटिव्ह अँटॅगोनिस्ट. झोल्पिडेम पण त्याच जागेवर बसतं म्हणून त्यालाही उठवतं. बार्बिच्युरेट, दारू, ओपिऑइड यांच्यावर काही चालत नाही, त्यांच्या जागाच दुसऱ्या. मग विचार कर, त्या आजींसारख्या सहा वर्षं गोळी घेणाऱ्या माणसाने आज जरा जास्त घेतली, गाढ झोपलाय, आणि तू फ्लुमाझेनिल दिलंस. जे विथड्रॉवल दोन दिवसांत यायचं ते तू दोन मिनिटांत आणलंस, आणि ते पण पूर्ण. त्या माणसाला फिट येते. आणि तेव्हा फिट थांबवायला हातात नेहमीचं हत्यार, म्हणजे बेन्झो, पण त्याची जागा तूच अडवून ठेवलीस. काँपिटिटिव्ह आहे म्हणून बेन्झोचा मोठा डोस दिला तर तो जागा परत मिळवू शकतो, नाहीतर फेनोबार्बिटल किंवा प्रोपोफॉल, कारण त्यांना ती जागा लागत नाही. नळाचं उदाहरण आठवलं ना, बार्बिच्युरेटला कोणाच्या हाताची गरज नसते.

मग ते बरोबर कुठे बसतं? एंडोस्कोपीच्या टेबलावर. समज ४५ वर्षांचा माणूस, आधी कधी झोपेची गोळी नाही, फिटचा इतिहास नाही, मिडाझोलाम जरा जास्त झालं आणि सॅच्युरेशन उतरायला लागलं. काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं सगळं आपल्याला माहीत आहे, दुसरं काही पोटात नाही. आधी हनुवटी उचलून ऑक्सिजन देतोस, आणि मग फ्लुमाझेनिल ०.२ मिग्रॅ शिरेतून, १५ सेकंदात हळू. मिनिटभर थांब, चेहरा बघ, हाक मार. उठला नाही तर परत ०.२, असं करत जास्तीत जास्त १ मिग्रॅ. एक-दोन मिनिटांत डोळे उघडतात, पूर्ण परिणाम ६ ते १० मिनिटांत. लहान मुलाने चुकून आजोबांची गोळी खाल्ली, घरात दुसरं औषधच नाही, तिथेही विचार करतात, ०.०१ मिग्रॅ दर किलोला. बोलता झाला म्हणून लगेच घरी मात्र पाठवायचं नाही, कारण फ्लुमाझेनिलची हाफ-लाइफ तासाभराचीच आहे. ते उतरतं, आधीचं बेन्झो अजून रक्तात आहेच, आणि पेशंट रिक्षात बसल्या बसल्या परत झोपतो. मिडाझोलाम असेल तर दोन तास नजरेसमोर ठेवून भागतं, डायझेपाम असेल तर जास्तच. आणि ते झोप जेवढी भरवशाने उतरवतं तेवढा श्वास भरवशाने सुधारत नाही, म्हणून ॲम्ब्यू बॅग बाजूला काढून ठेवलेली हवी.

आता ती केस सांगते जिच्यामुळे मी हा चॅप्टर दर वर्षी दोन तास जास्त शिकवते. माझ्या आधीच्या नोकरीतलं आहे, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. रात्री साडेअकराला ४२ वर्षांच्या एक बाई आणल्या. नवरा एकच सांगत होता, "मॅडम, झोपेच्या गोळ्या घेतल्या हो हिनं, डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या झोपेच्याच आहेत." इंटर्न हुशार पोरगा, त्याने झोपेच्या गोळ्या ऐकलं आणि फ्लुमाझेनिलचं अँप्यूल फोडलं, ५ मिलीमध्ये ०.५ मिग्रॅ, सिरिंजमध्ये ओढून पण घेतलं. मी बाईंचा हात धरला तर तो तापलेला आणि कोरडा, एकदम सुका. नाडी १२८. बीपी ९४/६०. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जवळजवळ ६ मिमी. पोटावर हात ठेवला तर लघवीची पिशवी बेंबीपर्यंत तटतटलेली.

हा बेन्झोचा पेशंट नाही. नॉर्मल व्हायटल्सवाला कोमा कुठे आहे यात? बेन्झोने बाहुल्या अशा होत नाहीत, त्वचा अशी सुकत नाही. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवायला सांगितली आणि नवऱ्याला म्हटलं, भाऊ, पाकीट दाखवा. त्याने शर्टाच्या खिशातून चुरगळलेली स्ट्रिप काढली. फॉइलच्या मागे बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, क्लोरडायझेपॉक्साइड १० मिग्रॅ, आणि त्याखाली अमिट्रिप्टिलीन २५ मिग्रॅ.

ही जोडगोळी आपल्याकडे भरपूर लिहिली जाते आणि घरचे तिला झोपेची गोळी म्हणतात. एकाच गोळीत बेन्झो आणि ट्रायसायक्लिक. ईसीजी काढला तर क्यूआरएस १३० मिलिसेकंद, एव्हीआर लीडमध्ये आर वेव्ह उंच. ट्रायसायक्लिक हृदयातले सोडियम चॅनेल अडवतं म्हणून क्यूआरएस रुंदावतो, १०० च्या वर गेला की फिटची भीती, १६० च्या वर गेला की व्हेंट्रिक्युलर ऱ्हिदम बिघडायची. आता बघ फ्लुमाझेनिल दिलं असतं तर काय झालं असतं. ट्रायसायक्लिक मेंदूला फिटकडे ओढत होतं आणि क्लोरडायझेपॉक्साइड त्याला धरून ठेवत होतं. त्या बाईंच्या अंगातलं बेन्झो त्या क्षणी त्यांना वाचवत होतं. ते उठवलं की फिट, फिटने रक्त ॲसिडिक, आणि ॲसिडिक रक्तात ट्रायसायक्लिक सोडियम चॅनेलला अजून घट्ट धरतं, म्हणजे क्यूआरएस अजून रुंद, बीपी अजून खाली. शिवाय दोन वर्षं रोज गोळी, म्हणजे विथड्रॉवलचं कारण वेगळंच.

आम्ही काय केलं, ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला, सोडियम बायकार्बोनेट १ ते २ मिलीइक्विव्हॅलंट दर किलोच्या हिशेबाने बोलस दिला, ईसीजी चालूच ठेवून. दुसऱ्या बोलसनंतर क्यूआरएस ११० वर आला आणि बीपी चढलं. पीएच ७.४५ ते ७.५५ मध्ये ठेवला. कॅथेटर घातला. फ्लुमाझेनिल दिलंच नाही, पूर्ण ॲडमिशनमध्ये नाही. प्रश्नात "सेडेटिव्ह ओव्हरडोस" लिहून शेपटाला बाहुल्या मोठ्या, त्वचा कोरडी, क्यूआरएस रुंद असं घातलेलं असेल तर तिथे बायकार्बोनेट शोधायचं, फ्लुमाझेनिल तिथे जाळं म्हणून ठेवलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या, ट्यूब निघाली, सायकियाट्रीचे सर येऊन बसून बोलून गेले. नवरा घरी कधी न्यायचं विचारायला लागला. मी त्याला म्हटलं थांबा, कारण क्लोरडायझेपॉक्साइड लांब टिकणारं आहे, त्याच्यातूनही पुढे तोच डेसमिथाइलडायझेपाम बनतो, आणि दोन वर्षांची सवय आता सुटलीय. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरले, चहा बशीत सांडला, आणि खिडकीचा पडदा ओढा म्हणाल्या. त्याच दिवशी एकटं क्लोरडायझेपॉक्साइड छोट्या डोसमध्ये चालू केलं, अमिट्रिप्टिलीन नाही, आणि गोळ्या नर्सच्या हातूनच. घरी गेल्यावर स्ट्रिप नणंदेकडे ठेवायची ठरली, एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, आणि पुढचे पाच महिने डोस उतरवायला त्या दर पंधरा दिवसांनी येत होत्या.